लेबलवर किलोवॅट लिहिताना: आऊटपुट, कूलिंग आणि इनपुट

"सोलापूर एमआयडीसीत टॉवेल युनिट आहे. सगळ्या मशीनवर किलोवॅटचं लेबल लावायचंय. मोटारवर ७.५ एचपी, डिझाईन रूमच्या दोन एसींवर दीड टन, आणि एसीच्या कागदावर बीटीयू आहे. कशानं गुणू?"

दादा, गुणायचे आकडे सोपे आहेत, आधी ते घ्या.

```
kW = HP × 0.746
kW = BTU/h × 0.000293
kW = TR × 3.517
```

वरचा TR म्हंजे एसीचा टन, आणि एक टन म्हंजे तासाला १२००० बीटीयू. जुन्या काळी २००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो त्यावरनं हा टन आलाय, एसीच्या वजनाशी त्याचा काही संबंध नाही. कागदावर नुसतं बीटीयू लिहिलेलं असलं तरी ते तासाचंच धरा.

पण खरा घोळ गुणाकारात नाही, किलोवॅट कशाचा त्यात आहे. मोटारीच्या प्लेटवरचा एचपी हा शाफ्टवर मिळणारा आऊटपुट असतो, लाइनमधनं ती त्याच्यापेक्षा जास्त ओढते. एसीचा टन म्हंजे खोलीतनं बाहेर काढलेली उष्णता, आणि लाइनमधनं एसी त्याच्या साधारण तिसरा हिस्साच ओढतो. म्हंजे तिन्ही आकडे किलोवॅटमध्ये आणून बेरीज केली की मोटारीत लोड कमी पडतो आणि एसीत भरमसाट वाढतो.

आमच्याकडं अक्कलकोट रोडला एका युनिटमध्ये अगदी हेच झालेलं, यंत्रं पण तुमच्यासारखीच. वायरमननं मोटारीचे ७.५ × ०.७४६ = ५.६ आणि दोन एसींचे ५.२७५ × २ = १०.५५ असे मिळून १६.१५ किलोवॅट काढले आणि वाढीव लोडचा अर्ज लिहायला घेतला. मी म्हटलं थांबा, आधी प्लेटा वाचू.

मोटारीच्या प्लेटवर ५.५ किलोवॅट आणि ७.५ एचपी दोन्ही छापलेलं होतं, म्हंजे गुणायची गरजच नव्हती (५.५ हा स्टँडर्ड आकडा आहे, म्हणून ५.६ येत नाही). एफिशियन्सी ८७.७ टक्के, म्हणून इनपुट ५.५ ÷ ०.८७७ = ६.२७ किलोवॅट. हे अँपिअरवरनं पण ताडून बघितलं: १.७३२ × ४१५ व्होल्ट × १०.५ अँपिअर × ०.८३ पॉवर फॅक्टर, साधारण ६२६० वॅट. जुळलं. नुसत्या ५.६ वर केबल धरली असती तर कमी पडायची शक्यता होती.

एसीच्या प्लेटवर तर अजून गंमत, दीड टन म्हणून विकलेला पण कूलिंग कपॅसिटी ५००० वॅट, म्हंजे १७०६० बीटीयू, अठरा हजार नव्हे. हे दिसलं की दचकू नका, बाजारात दीड टन हे ढोबळ नाव झालंय, त्यामुळं ३.५१७ नं गुणण्याआधी प्लेट वाचायचीच. इनपुट पॉवर शेजारी वेगळी दिलेली, १५८० वॅट. दोन एसींचे ३.१६ आणि मोटारीचे ६.२७ मिळून खरा लोड ९.४३ किलोवॅट निघाला, १६ नव्हे.

हा घोळ डोळ्यांनी पण ओळखता येतो. एसी खरंच ५.२७५ किलोवॅट ओढत असता तर २३० व्होल्टला जवळपास २३ अँपिअर झाले असते, आणि तो १६ अँपिअरच्या प्लगवर चाललाच नसता की.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, प्लेटवरची इनपुट पॉवर बाहेर ३५ आणि आत २७ डिग्री धरून मोजलेली असते. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसला जातो, तेव्हा कूलिंग घटतं आणि इनपुट वाढतं. म्हणून केबल आणि एमसीबी प्लेटवरच्या कमाल करंटवर निवडा, आणि शंका असेल तर भर दुपारी क्लॅम्प मीटर लावून बघा. इन्व्हर्टर एसी असेल तर संध्याकाळचं रीडिंग कमी येतंच, त्यावर लेबल लिहू नका.

मोटारीच्या लेबलवर "आऊटपुट ५.५ किलोवॅट, इनपुट ६.३ किलोवॅट" आणि एसीवर "कूलिंग ५.० किलोवॅट, इनपुट १.६ किलोवॅट" असं लिहा. दशांशाला एक अंक पुरे. नुसतं "५ किलोवॅट" लिहिलेलं लेबल आमच्या त्या युनिटमध्ये मी स्वतः काढून टाकलं, कारण पुढच्या माणसानं त्यावरनं परत बेरीज करायला घेतली होती. इम्पोर्टेड मशीनवर पीएस लिहिलेलं असेल तर ०.७४६ ऐवजी ०.७३५५ नं गुणा.