चित्र कापून साइज जुळवू नका

प्रश्न: हॉलमध्ये सोफ्याच्या वर सात-आठ फ्रेम्स एकत्र लावायच्या आहेत, सगळ्या वेगवेगळ्या साइजच्या आहेत. फ्रेमवाला म्हणतो सगळ्या एका मापाच्या करून घ्या, छान दिसतील. करू का? आणि दोन फ्रेम्समध्ये अंतर किती ठेवायचं?

नका करू. अंतर दोन इंच. आता हे एवढं ठासून का सांगतेय ते ऐका.

आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजारात. सासूबाईंच्या माहेरहून आलेलं लक्ष्मीचं जुनं ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र, आमच्याकडे होतं, रविवर्मा प्रेसचं. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यामुळे तिथल्या चित्रांच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात प्रेसचं नाव आणि कार्ला-लोणावळा असं छापलेलं असायचं. आमच्या चित्रावरही ती ओळ होती. घराला रंग काढला तेव्हा भाऊजींनी (माझे मोठे दीर) सगळ्या फ्रेम्स नव्या करायला दिल्या आणि फ्रेमवाल्याला सांगितलं की सगळ्या एकाच मापात बसव. त्याने बसवल्या. लक्ष्मीचं चित्र वरून-खालून कापलं. वर कमानीचा भाग गेला, खाली ती नावाची ओळ गेली, आणि कापलेली पट्टी मागायला मी दुसऱ्या दिवशी गेले तर ती कचऱ्यात गेलेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण चित्रासमोर उभं राहून खालच्या कडेवरून बोट फिरवलं ते मला अजून दिसतं.

चित्राला हात न लावता साइज जुळवता येते, त्यासाठीच माउंट असतो, म्हणजे चित्राभोवतीचा तो जाड कागदाचा पट्टा. चार बाय सहाचा फोटो आहे ना, त्याला चारी बाजूंनी दोन-दोन इंच माउंट द्या, आठ बाय दहाच्या फ्रेममध्ये बरोबर बसतो, आणि लहान फोटोला उलट जास्त वजन येतं. जुन्या चित्राची छापील कडा माउंटखाली दडपू नका, खिडकी थोडी मोठी कापायला सांगा म्हणजे ओळ दिसत राहील. आणि चित्र हार्डबोर्डला फेविकॉलने चिकटवू देऊ नका, पुन्हा निघत नाही.

पुढे दोन वर्षांनी तीच भिंत मी स्वतः लावली, तिचं माप देते म्हणजे अंदाज येईल. सोफा सात फूट, म्हणजे ८४ इंच. वरचा फ्रेम्सचा घोळका सोफ्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असावा, माझा ५८ इंच झाला. सोफ्याची पाठ जमिनीपासून ३४ इंच, त्यावर आठ इंच मोकळे सोडून ४२ इंचावर खालची कड. मोठं लक्ष्मीचं चित्र (नवी फ्रेम धरून) २२ बाय ३०, ते मधोमध न ठेवता जरासं डावीकडे. त्याच्या डाव्या हाताला एकाखाली एक दोन फ्रेम्स, १६ आणि १२ इंच उंच, मधले दोन इंच धरून बरोबर ३०. उजवीकडे १४-१४ च्या दोन, त्याही ३०. आणि अगदी टोकाला दोन लहान, १० आणि १२ उंच, त्या वरखाली सारखं सोडून मध्यावर. म्हणजे साइज वेगवेगळ्या, पण मधलं अंतर कुठेच बदललं नाही, आणि घोळक्याचा मध्य ५७ इंचावर आला, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर. डोळ्याला साइज खटकत नाही, खटकतं ते कुठे दीड इंच कुठे चार इंच असं अंतर.

खिळा ठोकायच्या आधी प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. मी तीनदा हलवले. मग खिळ्याची जागा, इथे सगळे चुकतात: फ्रेम उलटी करा, मागची तार बोटाने वर ताणा, जशी खिळ्यावर ताणली जाईल तशी, आणि फ्रेमच्या वरच्या कडेपासून तिथपर्यंत मोजा. माझं चार इंच आलं, वरची कड ७२ वर होती, म्हणून खिळा ६८ वर. मोठ्या फ्रेमला दोन हूक द्या, एकावर ती रोज तिरकी होते. जुन्या चुन्याच्या भिंतीत नुसता खिळा टिकत नाही, ड्रिल करून गिट्टी घाला.

रंगाचं सांगायचं तर माझा पहिला माउंट पांढराशुभ्र होता आणि त्यात लक्ष्मीचा जुना कागद मळका दिसायला लागला, जणू चित्रच खराब झालंय. क्रीम घेतला आणि तोच कागद उबदार दिसला. मग सगळ्या सातही चित्रांना तोच क्रीम माउंट दिला, त्यामुळे फ्रेम्स काही सोनेरी काही काळ्या असूनही एका घरच्या वाटतात. लक्ष्मीच्या साडीचा लाल रंग भिंतीवर आणखी दोन ठिकाणी आहे, एक फाइन आर्ट्सच्या प्रदर्शनातून घेतलेल्या लहान प्रिंटमध्ये उजवीकडे वर, आणि एक लेकीच्या बाळपणीच्या फोटोत डावीकडे खाली, त्यामुळे नजर फिरते, एकाच जागी अडकत नाही. एक भडक निळं प्रिंट होतं, सुंदर होतं, पण सगळी नजर तेच खेचायचं, शेवटी ते बेडरूममध्ये गेलं. बाकीचे जुने लग्नाचे फोटो काळेपांढरे आहेत, ते कुठेही बसतात.

भाऊजी अजूनही म्हणतात चित्रं उंच हवीत, छताजवळ, पुढे झुकलेली, आजोबांच्या वेळी तशीच होती, राजवाड्यातही उंच असतात. राजवाड्यातली खोली केवढी आणि आमची दहा फुटांची केवढी! तेव्हा चित्र नमस्कारासाठी होतं, म्हणून वर होतं. आता ते बघायचंय, तर चेहरा दिसायला हवा. मी त्यांना चष्मा काढून विचारलंय, मागची जुनी जागा आठवा, लक्ष्मीच्या हातातलं कमळ कधी नीट दिसलं होतं का? तेव्हा गप्प बसले, मान्य मात्र केलं नाही. पूजेतली फोटोफ्रेम हलवा असं मी म्हणत नाहीये, ती देवघरातच राहू दे.

आता उरलेलं. पश्चिमेचं ऊन थेट येणारी भिंत असेल तर जुनी चित्रं तिथे नकोच, लाल रंग आधी उडतो. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं चिकटवा म्हणजे हवा खेळते, नाहीतर सप्टेंबरपर्यंत माउंटवर तपकिरी ठिपके दिसतात आणि ते पुसून जात नाहीत. सोफ्यावर मुलं उड्या मारत असतील तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घ्या. आणि फ्रेमवाल्याकडे जाताना चित्राचं माप चिठ्ठीवर लिहून द्या, खाली मोठ्या अक्षरात "कापायचं नाही" लिहा आणि चित्राचा फोटो काढून ठेवा.