फ्रेंच नाटुकले: भाजीच्या ठेल्यावरचा गैरसमज

प्रश्न: नागपुरातील आमच्या शाळेच्या मुलांसाठी भाजीच्या ठेल्यावर घडणारे छोटे फ्रेंच नाटुकले हवे आहे. गैरसमज कशावर बेतावा?

उत्तर: किमतीवर बेतावा, कारण दोन युरो आणि बारा युरो हे फ्रेंच उच्चार कानाला इतके जवळचे आहेत की ग्राहक सहज फसू शकतो.

ग्राहक: अं किलो द तोमात, सिल व्हू प्ले. (एक किलो टोमॅटो द्या.)
विक्रेती: दझरो. (दोन युरो.)
ग्राहक: दूझरो? से त्रो शेर! (बारा? फार महाग!)
विक्रेती: नों, द! पा दूझ! (नाही, दोन! बारा नव्हे!)

शेवटच्या वाक्याला विक्रेतीने अंगठा आणि तर्जनी दाखवावी, कारण फ्रान्समध्ये मोजणी अंगठ्यापासून सुरू होते, आणि मग तोवर पाठमोरी ठेवलेली भावाची पाटी प्रेक्षकांकडे फिरवावी.

यातला 'झ' 'झाड'मधल्यासारखा उच्चारावा. मुले 'द' आणि 'युरो' सुटे म्हणू लागली की मधला 'झ' नाहीसा होतो आणि गैरसमजच उरत नाही. म्हणून तालमीत सर्वाधिक वेळ याच एका शब्दजोडीला द्यावा. 'दझरो'तल्या 'द'साठी जीभ 'दे' म्हणताना असते तशी पुढे ठेवून ओठ गोल करावेत.