दोन हजाराच्या एसआयपीने काय होणार? एका क्लार्क काकांची गोष्ट

प्रश्न: "मॅडम, मी एका प्रायव्हेट ऑफिसात क्लार्क आहे, पगार हातात 28 हजार. तीन वर्षं झाली दर महिन्याला दोन हजाराची एसआयपी चालू आहे, 72 हजार भरले आणि आज बघतो तर 79 हजार दिसतात. एवढ्याने काय होणार आहे? मित्र म्हणतात बंद कर आणि गावाकडे प्लॉटचं बुकिंग कर. बंद करू का?"

तुमच्यासारख्याच पगारावर नोकरी केलेल्या एका काकांची केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत आणि रकमा गोल केल्यात. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सरकारी ऑफिसात 1988 ला क्लार्क म्हणून लागले आणि 2022 ला 58 व्या वर्षी रिटायर झाले. माझ्याकडे आले ते रिटायरमेंटचे पैसे कुठे ठेवू हे विचारायला, कारण ग्रॅच्युइटी हातात यायच्या आधीच दोन एजंट घरी येऊन बसले होते. बोलता बोलता म्हणाले माझ्याकडे ही एक जुनी फाईल पण आहे, हिचं काय करायचं ते सांगा. फाईलमध्ये दोन म्युच्युअल फंडांची स्टेटमेंट होती आणि दोन्ही मिळून रक्कम होती 65 लाखांच्या आसपास. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, घरी काकूंना "महिन्याला काहीतरी कापलं जातं" एवढंच माहीत.

सुरुवात झाली एप्रिल 1998 ला, 500 रुपये महिना. तेव्हा आतासारखं मोबाईलवर बटण दाबलं आणि झालं असं नव्हतं, वर्षाचे बारा चेक पुढच्या तारखा टाकून सही करून एकदम द्यावे लागायचे. माझ्या मते काकांच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या बारा चेकमध्ये आहे. दर एप्रिलला चेकबुक घेऊन बसायचं म्हणजे दरवर्षी रक्कम नव्याने लिहायची, आणि लिहिताना ते विचार करायचे की यंदा इन्क्रिमेंट झालंय, महागाई भत्ता वाढलाय, मग 500 वाढवून लिहू. पहिल्या वर्षी 500, दुसऱ्या वर्षी हजार, तिसऱ्या वर्षी दीड हजार, असं करत शेवटच्या वर्षी महिना 12 हजार. पुढे चेक गेले आणि बँकेतून आपोआप पैसे कापायची सोय आली, तरी त्यांनी एप्रिलची सवय सोडली नाही, दरवर्षी नवा फॉर्म भरून रक्कम वाढवत राहिले. तुमची एसआयपी आपोआप कापली जाते ना, तिथेच तुमचं अडतंय. तीन वर्षांत पगार थोडा तरी वाढला असेल, पण दोन हजार तिथेच थिजलेत.

आता तुमच्यासारखीच तीन वर्षं. काकांची तीन वर्षं झाली 2001 मध्ये. 2000 च्या सुरुवातीला आयटी शेअर्सची मोठी लाट आली होती, ती फुटली, आणि सेन्सेक्स त्यांनी सुरुवात केली होती त्याच्याही खाली गेला. 36 हजार भरले होते आणि स्टेटमेंटवर 30 च्या आसपास. म्हणजे तुम्ही सात हजार पुढे आहात, ते सहा हजार मागे होते. मी विचारलं, तेव्हा बंद का नाही केलं? म्हणाले, "पोस्टात पीपीएफ चालू होतं, सुरुवातीला 12 टक्के मिळायचे त्यावर, पगारातून जीपीएफ म्हणजे सरकारी नोकरीतला पीएफ कापला जात होता, घर वडिलांचं होतं. हे 500-1000 मी गेलेच असं धरून चाललो होतो, मग बंद करायची घाईच कसली."

हे वाक्य मी बऱ्याच जणांना सांगते, कारण धीर वगैरे आपण म्हणतो तो स्वभावातून कमी आणि मागच्या तयारीतून जास्त येतो. अडीनडीला लागणारा पैसा वेगळा असेल तरच पडत्या बाजारात माणूस शांत बसू शकतो. मुलीच्या लग्नाला त्यांनी जीपीएफमधून पैसे काढले, या फाईलला हात लावला नाही.

खरी परीक्षा 2008 ला. जानेवारीत सेन्सेक्स 21 हजारावर पोचला तेव्हा काकांचे भरलेले सव्वातीन लाख, दिसत होते अकरा लाखांच्या वर. क्लार्क माणूस, अकरा लाख म्हणजे तेव्हा त्यांच्या कित्येक वर्षांचा पगार. आणि मार्च 2009 मध्ये सेन्सेक्स साडेआठ हजाराच्या घरात आला तेव्हा तीच रक्कम सव्वापाच लाख. अर्ध्याहून जास्त गायब. त्यांच्या शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याने त्यांचंच बघून 2006 ला एसआयपी सुरू केली होती, त्याने 2008 च्या दिवाळीत सगळं काढलं, तोट्यात, आणि नंतर कधी त्या वाटेला गेला नाही. त्याला मी दोष देणार नाही, त्याच्याकडे दुसरी काही शिल्लकच नव्हती आणि घरात आजारपण आलं होतं.

काकांनी चालू ठेवली आणि एप्रिल 2009 ला सवयीने 500 वाढवले. सेन्सेक्स जुन्या उंचीवर जाऊन तिथे टिकायला 2013 संपत आलं, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं आकडा तिथल्या तिथे. इतक्या वर्षांत माणूस सहज कंटाळतो. पण खालच्या भावात त्यांना त्याच पैशात फंडाची युनिट म्हणजे हिस्से जास्त मिळत होते, त्यामुळे सेन्सेक्स परत 21 हजारावर आला तेव्हा त्यांची रक्कम साडेसतरा लाख होती. आता यातले पाचेक लाख त्यांनी मधल्या काळात भरलेले, म्हणजे सहा वर्षांचा निव्वळ फायदा लाख-सव्वा लाखच, हेही तुम्हाला सांगायला हवं. फायदा तेव्हा दिसला नाही, पण युनिट गोळा होऊन बसली होती.

आणि मग पुढची आठ वर्षं बघा. साडेसतरा लाखांवरून 65 लाख. यात नवीन भरलेले साधारण दहा लाख, बाकी सगळी वाढ. पहिल्या जवळपास सोळा वर्षांत साडेसतरा आणि नंतरच्या आठ वर्षांत त्याच्या वर सत्तेचाळीस. मधे मार्च 2020 ला लॉकडाऊनच्या वेळी 44 लाखांचे 30 लाख झाले होते महिना-दीड महिन्यात. तेव्हा काकूंनी पहिल्यांदा विचारलं म्हणे की किती आहेत आणि किती गेले.

आता तुमचा प्रश्न, छोट्या रकमेने काय होणार. समजा काकांनी 500 वर कधी वाढवलंच नसतं. 24 वर्षांत भरले असते 1 लाख 44 हजार आणि झाले असते साडेनऊ लाखांच्या आत. टक्क्यात बघितलं तर छानच, पण साडेनऊ लाखात म्हातारपण निघत नाही. त्यांनी एकूण 18 लाख भरले म्हणून 65 झाले. त्यामुळे "फक्त 500 टाका आणि करोडपती व्हा" असं कुणी सांगत असेल तर अर्धीच गोष्ट सांगतोय. तुमचे दोन हजार लहान आहेत हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त उपाय बंद करणं नाही, वाढवणं आहे. ॲपमध्ये स्टेप-अप किंवा टॉप-अप नावाचा पर्याय असतो, दरवर्षी 500 ने वाढेल असं टाकून ठेवा, पगारवाढीच्या पुढच्या महिन्यापासून. एखाद्या वर्षी पगार वाढला नाही तर थांबवता येतं.

पण त्याआधी एक बघा. काकांना जुनी पेन्शन आहे, तुम्हाला नाही, आणि तुमची नोकरी प्रायव्हेट आहे. चार-सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत एफडी किंवा आरडीत बाजूला आहे का? नसेल तर पुढचं वर्षभर वाढीव रक्कम तिकडे जाऊ द्या, एसआयपी दोन हजारच राहू दे. नाहीतर नोकरी गेली की तुम्ही त्या सहकाऱ्याच्या जागी असाल.

प्लॉटचं बुकिंग, तेही हप्त्यावर आणि एनए झालेलं नसताना, मी या पगारात करणार नाही. अडचणीला प्लॉटचा कोपरा तोडून विकता येत नाही, आणि हप्ता चुकला की भरलेले पैसे अडकतात.

तुमचा फंड बरा आहे का तेही तपासा. 72 चे 79 हे वाईट की ठीक, ते नुसतं आकड्यावरून ठरत नाही. फंडाच्या माहितीपत्रकात त्याचा बेंचमार्क इंडेक्स, म्हणजे ज्याच्याशी फंडाची तुलना करायची तो निर्देशांक, दिलेला असतो, त्याच तीन वर्षांत फंड किती वाढला आणि तो इंडेक्स किती वाढला ते शेजारी ठेवून बघा. थोडं मागे-पुढे चालतं. सतत तीन-चार वर्षं दरवर्षी दोन टक्क्यांहून जास्त मागे असेल तर पुढचे हप्ते साध्या निफ्टी इंडेक्स फंडात वळवा, एसआयपीची सवय मोडू नका. काकांच्या दोनपैकी एक फंड असाच मागे पडत गेला होता, त्यांनी 2011 पासून त्यातले हप्ते दुसऱ्यात वळवले.

आणि फाईल. काकांच्या केसमध्ये आमचा सगळ्यात जास्त वेळ गुंतवणुकीत नाही, कागदांत गेला. 1998 च्या फोलिओवर, म्हणजे फंडातल्या खात्यावर, नॉमिनीचा रकाना रिकामा. फोलिओवर नाव आद्याक्षरांचं, पॅनवर पूर्ण. जोडलेलं बँक खातं केव्हाच बंद झालेलं, म्हणजे पैसे काढायला गेले असते तर जाणार कुठे. त्याआधी काकांचं काही बरंवाईट झालं असतं तर काकूंना एवढ्या रकमेसाठी वारसाची कागदपत्रं घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या, आणि मुळात दुसरा फोलिओ आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. केवायसी नवी केली, कॅन्सल्ड चेक लावून खातं बदललं, नॉमिनी टाकला, या सगळ्याला काही महिने गेले. आता रक्कम नव्वद लाखांच्या आसपास आहे, पेन्शनवर घर चालतं म्हणून अजून काढलेली नाही, आणि काकूंनी स्वतःच्या अक्षरात एका वहीत दोन्ही फोलिओ नंबर लिहून घेतलेत.

तुम्ही आज रात्रीच ॲप उघडून नॉमिनी आणि बँक खातं बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. आणि फंडाचं पूर्ण नाव, पीएफ कापला जातो का, घरात कमावणारं अजून कोण आहे हे मला कळवा, म्हणजे वाढीव 500 कुठे टाकायचे ते नीट सांगता येईल.