फरशी पुसल्यावर येणारा आंबट वास: मॉपइतकीच बादलीही तपासा

"फरशी पुसून वाळत आली की घरभर आंबट, कुबट वास सुटतो. लिक्विड बदललं, जास्त टाकून पाहिलं, तरी तेच. मॉप तर रोज पाण्यातून काढते. नेमकं काय चुकतंय?"

लिक्विड वाढवणं आधी थांबवा. जास्तीचं लिक्विड धाग्यांत चिकट थर धरतं, त्यात मळ अडकतो आणि ओलसर मळात जिवाणू वाढतात. वास त्यांचाच. सुगंध उडून गेला की तो वर येतो.

वास कुठून येतोय ते आधी वेगळं करून बघा. मॉपचं डोकं काढून एका स्वच्छ टबात गरम पाण्यात घाला, रिकाम्या बादलीतही तेवढंच गरम पाणी ओता. दोन्ही दहा मिनिटं झाकून ठेवा, मग झाकण उघडून हुंगा.

माझ्याकडे फिरकीची बादली आहे. मॉपचं डोकं नवीन आणलं तरी चौथ्या दिवशी वास परत आला. शेवटी पिळायची जाळी उचकटून काढली, तर खाली दांड्याभोवती केस गुंडाळलेले आणि त्यावर करडा, बुळबुळीत थर. बादली विसळताना तिथे हात पोचतच नव्हता. तो थर नुसत्या पाण्याने जात नाही, ब्रशने घासूनच काढावा लागतो. जाळीची भोकं आणि पाणी सोडायचं बूचही जुन्या टूथब्रशने घासा.

मॉपसाठी क्रम महत्त्वाचा. आधी कपड्याची पावडर घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून चोळा, विशेषतः धागे जिथे एकत्र शिवलेत तिथे. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. मळ तसाच ठेवून ब्लीच टाकलं तर त्याची ताकद मळावरच खर्च होते. सुती मॉप असेल तर त्यानंतर ५ लिटर गार पाण्यात साधारण १०० मिली साधं, बिनवासाचं ब्लीच (५ टक्क्यांच्या आसपासचं) घालून दहा मिनिटं बुडवा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. त्यात व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनियावालं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मायक्रोफायबरला ब्लीच नको, त्याने धागे खराब होतात. लेबलवर चालत असेल तर ६० अंशांवर मशीनमध्ये धुवा, पण फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका. त्याचा थर बसला की कापड पाणी ओढेनासं होतं.

एवढं करूनही मॉप ओला झाला की वास येत असेल, तर ते डोकं टाकून द्या. आतला भाग कुजलेला असतो.

पुढे रोज काम झालं की घट्ट पिळून, धागे मोकळे करून वाऱ्यावर टांगा. बादलीत उभा ठेवायचा नाही. बादली जाळी काढून पालथी घाला.

फरशीवर जुना थर असतोच, म्हणून धुतलेल्या मॉपने पहिले दोन दिवस फक्त साध्या पाण्याने पुसा. मध्ये पाणी बदला. पहिल्या दिवशी पाणी फेसाळलं तर तो तुमच्या जुन्या लिक्विडचाच फेस आहे.