टेस्टोस्टेरॉन २१८ आलंय, इंजेक्शन घेऊ का?

"दादा, वय ३३, राहणार शहापूर, बेळगाव. दीड वर्षात वजन ६४ वरून ५६ वर आणलं. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी आठवड्याला ९५ किमी चाललंय, पण वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडतोय. इच्छा नाही, सकाळची ताठरता तीन-चार महिने जवळजवळ बंद. सोमवारी संध्याकाळी रक्त दिलं, टेस्टोस्टेरॉन २१८, एलएच २.१, टीएसएच नॉर्मल. जिममधला ट्रेनर म्हणतो इंजेक्शन घे, महिन्यात फरक पडेल. मुलासाठीही प्रयत्न चालू आहेत. घेऊ का?"

नको घेऊस. निदान आत्ता तरी नको, आणि ट्रेनरच्या हातून तर कधीच नको.

आधी तुझा रिपोर्ट. तू सोमवारी संध्याकाळी रक्त दिलंस. आपल्या ग्रुपमधली निम्मी पोरं करतात तसं तुझंही रविवारी ३० किमी आणि सोमवारी कपिलेश्वराचा उपवास असणार, असं धरून चालतो. टेस्टोस्टेरॉन पहाटेपासून सकाळपर्यंत सगळ्यात वर असतं आणि दिवसभर उतरत जातं. मोठ्या धावेनंतर ते आणखी उतरतं, दिवसभर उपाशी राहिल्यावरही. म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच नळीत भरून दिल्यास. त्या २१८ वर एवढा मोठा निर्णय घेता येत नाही. सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दोन दिवशी आणि आदल्या दोन दिवसांत मोठी धाव नसताना, असे दोन नमुने हवेत. दोन्ही ३०० च्या खाली आले तर कमी आहे म्हणायचं. सोबत एसएचबीजी करून घे, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन ते. कमी खाणाऱ्यांत ते बऱ्याचदा चढलेलं असतं. मग एकूण आकडा बरा दिसतो, पण शरीराच्या कामाला येणारा भाग थोडाच उरतो.

तरीही खरी गोष्ट तुझ्या एलएचमध्ये आहे. वृषणांना काम सांगणारा हा मेंदूचा हुकूम. बिघाड वृषणांत असता, तर टेस्टोस्टेरॉन कमी पडल्यावर मेंदूने ओरडून एलएच वर नेलं असतं. तुझं २.१ आहे. कारखाना ठीक आहे, वरून ऑर्डरच येत नाहीये. ती का येत नाही याची कारणं पुष्कळ असू शकतात, म्हणून प्रोलॅक्टिन एकदा तपासून घे. डोकेदुखी, नजरेच्या कडा अंधुक होणं किंवा स्तनाग्रातून स्राव असलं काही असेल तर सरळ एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. तसलं काही नसेल आणि दीड वर्षात ८ किलो उतरलेले असतील, तर मला संशय एकाच गोष्टीचा येतो. शरीराला खर्च भागवता येत नाही, म्हणून त्याने प्रजननाचं खातं बंद केलंय. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने याला रेड-एस असं नाव दिलं. बायकांत पाळी थांबते, आपल्यात सकाळची ताठरता थांबते. पाळी चुकली की घरात चर्चा होते. आपण मात्र कुणाला सांगत नाही, म्हणून वर्ष वर्ष निघून जातं.

आता हिशेब. तुझं वजन ५६, चरबी दहा टक्के धरली तर चरबीखेरीजचं वजन साधारण ५० किलो. धावताना किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, सुमारे एक कॅलरी जाते. आठवड्याला ९५ किमी म्हणजे दिवसाला साडेतेरा, म्हणजे अंदाजे ७५० कॅलरी रस्त्यावर गेल्या. तू खातोस किती ते लिहिलं नाहीस, पण माझ्या ओळखीतल्या तुझ्या बांध्याच्या धावपटूंचं २१०० च्या आसपास निघतं. त्यातून ७५० वजा केले की उरले १३५०. त्याला ५० ने भाग, २७ येतात. हृदय, मेंदू, हाडं, रक्त, हार्मोन सगळ्यांनी वाटून घ्यायचे आहेत ते हे २७. निवांत चालायला ४५ च्या आसपास लागतात. स्त्रियांवरच्या प्रयोगांत ३० च्या खाली गडबड सुरू होताना दिसलीये. पुरुषांसाठी रेघ इतकी ठाम नाही, बहुधा त्याहून खाली आहे, पण २७ वर महिनोन्‌महिने राहणं कुणाला परवडत नाही. आणि ही सरासरी झाली. रविवारचं बघ. ३० किमी म्हणजे १६८० कॅलरी. त्या दिवशीही २१०० च खाल्लंस तर उरले ४२०, दर किलोमागे ८. आणि दुसऱ्याच दिवशी साबुदाण्याची एक वाटी आणि चहा.

१९४४-४५ साली मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने रोज साधारण १६०० कॅलरींवर ठेवून आठवड्याला ३५ किमी चालायला लावलं होतं. स्वयंसेवक होते, सगळं स्वखुशीने. त्यांची वजनं पावपट घटली आणि बाईचा विचारसुद्धा मनात येईना, काही पोरं तर पाककृतींच्या पुस्तकांत डोकं घालून बसली. धावण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. म्हणून मी म्हणतो, किलोमीटर नुसते कमी करून भागत नाही, ताट बघावं लागतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. ४१ व्या वर्षी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पोरांबरोबर रोज धाव, आठवड्यातून दोनदा राजहंसगडाचा चढ, आणि वजन ५७ च्या वर जाऊ द्यायचं नाही हा हट्ट. रात्री आठला एक भाकरी-भाजी, पहाटे सव्वापाचला नुसता काळा चहा, सातला घरी, आणि ऑफिसची घाई म्हणून नाष्टा साडेदहाला. म्हणजे रात्री आठपासून साडेदहापर्यंत चौदा-पंधरा तास, मध्ये धाव, पोटात काही नाही. पुढे सहनशक्तीच्या खेळांतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास वाचनात आला. त्यातलं म्हणणं असं की दिवसाचा एकूण हिशेब सारखाच असला तरी ज्यांच्या दिवसात अशी लांब तूट पडते त्यांचं कॉर्टिसॉल जास्त असतं. मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. नाडी ४४ झाली, मी खूश, फिटनेस वाढला म्हणून. ऑगस्टच्या दमट हवेत हात गार, रात्री तीनला डोळे टक्क उघडे, बायकोवर उगाच खेकसणं, हे सगळं त्याच यादीतलं होतं, पण मी वय झालं म्हणायचो.

मग नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून वीतभर वर, बोटाएवढ्या जागी दुखायला लागलं. एका दवाखान्यात एक्स-रे काढून 'काही नाही, शिन स्प्लिंट आहे, बर्फ लाव' म्हणाले. सुरुवातीला ताणाची चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, हे त्यांनाही माहीत असायला हवं होतं. तीन आठवड्यांनी एका पायावर उडी मारली आणि जागच्या जागी बसलो. एमआरआयमध्ये चीर निघाली. सकाळच्या दोन तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन २३५ आणि २५१. टी३ खाली, टीएसएच मात्र तुझ्यासारखंच नॉर्मल. हे दोन एकत्र दिसणं ही उपाशी शरीराची खूण असू शकते. टीएसएच एकटं बघून 'थायरॉइड ठीक' म्हणू नकोस.

इंजेक्शनने काय होतं तेही ऐक. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू उरलासुरला एलएचही बंद करतो. वृषणांच्या आतलं प्रमाण कोसळतं आणि शुक्राणू बनणं थांबतं. तू मुलासाठी प्रयत्न करतोयस, म्हणजे नेमका उलटा रस्ता. औषध सोडल्यावर ते परत यायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. शिवाय वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत टेस्टोस्टेरॉन बारा महिने बंदी असलेलं आहे. व्यायामाने आणि कमी खाण्याने उतरलेल्या पातळीसाठी सूट मिळत नाही, वृषण किंवा पिट्युटरीचा खरा आजार असेल तरच विचार होतो. एलएच वाढवणारं क्लोमिफीन पण त्याच यादीत. शिलाजित, अश्वगंधा यांवर मला भांडायचं नाही, पण रोजची ९०० कॅलरींची तूट चमचाभर पावडरीने भरत नाही.

तुझ्या गणिताने ४५ ला पोचायचं तर २२५० आणि धावेचे ७५०, म्हणजे ३००० हवेत. एवढं एकदम ढकलू नकोस, पोट फुगेल. किलोमीटर ६० वर आण, निदान बारा आठवडे. वेगाचं काम आणि चढ बंद, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. यंदाची जानेवारी हातची जाईल, कळतंय मला. धावेचा खर्च मग ४८० वर येतो आणि लागतात २७३०, म्हणजे रोज ६३० वाढवायचे. पहाटे निघण्याआधी साखरेचा चहा आणि दोन केळी, झाले २००. परतल्यावर अर्ध्या तासात, आंघोळीच्याही आधी, म्हशीचं दूध एक पेला आणि मूठभर शेंगदाणे-गूळ, झाले साडेचारशेच्या वर. एवढ्यानेच काम होतं.

आपल्याकडच्या जेवणाची एक अडचण आहे. जोंधळ्याची भाकरी, उसळ, कोशिंबीर यांनी पोट लवकर भरतं आणि कॅलरी मागे राहतात. रात्री एक भाकरी कमी करून भात-दही वाढव, वरून तूप. कुंदा दोन चमचे खाल्लास तर मी काही बोलणार नाही. लांब पल्ल्याच्या दिवशी, दीड तासाच्या वर धाव असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं रस्त्यातच घ्यायची. गूळ, खजूर, साखर-मिठाचं पाणी, जे पचेल ते.

उपवासाबद्दल आईला सांगणं अवघड जातं, माझ्या आईलाही पटलं नव्हतं. मी मोठी धाव शनिवारी नेली आणि सोमवारी उपवासाचंच, पण पोटभर खाल्लं: राजगिऱ्याचे लाडू, बटाटा, दूध, शेंगदाण्याची आमटी. देव रागावला नाही, आईही नाही.

माझं वजन दोन महिन्यांत ५७ चं ६० झालं. पहिले तीन-चार आठवडे सूज आल्यासारखं वाटतं आणि सगळे 'सुटलास' म्हणतात, तेव्हा घाबरून मागे फिरू नकोस. सकाळची ताठरता सहाव्या-सातव्या आठवड्यात परतली. आठवड्यातल्या किती सकाळी ते कॅलेंडरवर टिक करत जा, प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी हाच आकडा हलतो. पाचव्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन ४२० आलं. हाडांना मात्र फार वेळ लागतो. तुला आधी कधी ताणाची चीर पडली असेल तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घे आणि झेड-स्कोअर, म्हणजे तुझ्या वयाच्या सरासरीशी तुलना, बघायला सांग.

जांघेत खोलवर दुखलं, पाय टाकताना वाढलं, तर त्याच दिवशी धावणं बंद आणि एमआरआय. मांडीच्या हाडाच्या मानेची चीर सरकली तर सरळ ऑपरेशन. तिथे 'बघू आठवडाभर' चालत नाही.

बारा आठवड्यांनी फेरतपासणी कर. शनिवारची धाव होऊन गेली की मंगळवार आणि गुरुवार, दोन्ही सकाळी आठला, उपाशीपोटी. टेस्टोस्टेरॉन, एलएच, एसएचबीजी, फ्री टी३, फेरिटिन. खाणं वाढूनही एलएच हलला नाही आणि आकडा तिथेच राहिला, तर मग पिट्युटरीचं पुढचं बघायला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे. बायकोला मात्र आजच सांग, ती चार महिने स्वतःचंच काही चुकतंय असं समजत असेल.