पावसाळ्यात मैदा-मिठाच्या शोभेच्या वस्तू चिकट होतात त्याबद्दल

प्रश्न: "दिवाळीत लेकीबरोबर मैदा-मिठाच्या चांदण्या आणि कोयऱ्या करून तोरणाला लावल्या होत्या, वरून फेविकॉल पण लावलेला. आत्ता जुलैत डबा उघडला तर सगळं ओलसर, चिकट, रंग बोटाला लागतोय. वर्षानुवर्षं टिकतात म्हणे, मग आमचं काय चुकलं?"

ताई, यात मीठच ओलावा ओढतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी खेचून स्वतःच विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. फेविकॉल वाळला तरी दमट हवेत परत मऊ पडतो, म्हणून ते चिकट लागलं. मी ठाण्यात राहते, माझी पहिली खेप अशीच गेली होती, आता पाच पावसाळे काढलेलं तोरण माझ्याकडे आहे, ते कसं केलं ते सांगते.

पीठ म्हणजे दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि पाऊण वाटी पाणी, पण पाणी सगळं एकदम ओतायचं नाही. खडेमीठ नको, त्याचे दाणे वर दिसतात आणि रंगातून डोकावतात. पुरीच्या कणकेसारखं घट्ट, दहा मिनिटं चांगलं मळायचं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं, नाहीतर कटरने कापलं की चांदणी आखडते. लाटताना दोन बाजूंना दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, मी पाच मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या ठेवते, म्हणजे जाडी सगळीकडे एक राहते. जाडी कमीजास्त झाली की पातळ भाग आधी वाळतो आणि चांदणी वाकते. कटर मैद्यात बुडवून सरळ खाली दाबायचा, फिरवायचा नाही. कडेला उठलेली कोर ओल्या बोटाने आत्ताच सपाट करा, वाळल्यावर ती घासत बसावी लागते. भोक स्ट्रॉने पाडा, कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत, नाहीतर दोरा तिथूनच तोडतो.

आता खरी गोष्ट वाळवणं. "कडक लागतंय" म्हणजे वाळलं असं बहुतेक जण समजतात, पण वरचा थर कडक झाला तरी पोटात ओल असते, आणि त्यावर रंग, वॉर्निश चढवलं की ती आतच कोंडली जाते. म्हणून मी वजनकाट्यावर ठरवते. मागच्या खेपेला दहा चांदण्या कच्च्या २१२ ग्रॅम भरल्या, ओटीजीत १०० डिग्रीला जाळीवर ठेवून दर तासाला उलटल्या, दार चमच्याने जरासं उघडं. दोन तासांनी १७१, तीन तासांनी १५८, चार तासांनी १५३, आणि अजून अर्ध्या तासाने पण १५३. वजन थांबलं तेव्हाच वाळलं. म्हणजे पाव भागापेक्षा जास्त वजन नुसतं पाणी होतं. घाई करून १५० डिग्री लावलं तर पुरीसारख्या फुगतात आणि तांबूस होतात. फक्त उन्हात वाळवायचं तर मे महिन्यातलं ऊन लागतं, आणि तरी वजन बघा.

ओव्हनमधून काढलं की तसंच उघड्यावर ठेवू नका, डब्यात गार करा आणि त्याच दिवशी रंग लावा. रंग ॲक्रिलिक, घट्टच वापरायचा, वॉटरकलर नको, त्यातल्या पाण्याने वरचं मीठ विरघळतं आणि नंतर पांढरी खार वर येते. मागची बाजू, कडा, आणि भोकाची आतली भिंत पण रंगवा. रात्रभर सुकू द्या आणि मग लाकडाला लावतात ते सॉल्व्हंटवालं क्लिअर वॉर्निश, पातळ तीन हात, खिडक्या उघड्या ठेवून. तार भोकातून घालून टांगा म्हणजे दोन्ही बाजू एकदम होतात. भोक विसरलं तर तिथूनच घाम फुटतो, माझ्या पहिल्या खेपेत नेमकं तिथूनच सुरू झालं होतं. वॉर्निशमुळे पांढरा रंग काळाने किंचित पिवळट होतो, पण ओलाव्यापुढे मला ते चालतं.

तोरण पावसाळ्याआधी उतरवून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, नाहीतर मैदा आहे म्हणून पोरकिडे आणि झुरळं पण येतात. घरात कुत्रा असेल तर उंचावरच टांगा, इतकं मीठ त्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

एअर ड्राय क्लेत मीठ नसतं, त्यामुळे ती अशी पाझरत नाही, पण वाळताना आक्रसते आणि पातळ टोकं तडकतात, आणि वॉर्निश तिलाही लागतंच.

आत्ताच्या चांदण्यांवर काळे ठिपके आले असतील तर टाकून द्या. नसतील तर सिलिका जेलच्या डब्यात ठेवून दर आठवड्याला वजन करा, थांबलं की सैल झालेला रंग आणि फेविकॉल बारीक पॉलिश पेपरने घासून काढा आणि परत रंगवा. लेकीने रंगवलेल्या आहेत तर एवढं करून बघाच.