डिल्टियाझेमने नाडी उतरते, मग अॅम्लोडिपिनने का नाही?

«आईची अॅम्लोडिपिन बंद करून डॉक्टरांनी डिल्टियाझेम दिली. नाडी ८८ वरून ६४ वर आली. दोन्ही कॅल्शियम चॅनल ब्लॉकरच ना? मग असं का?»

मी फार्माकॉलॉजी शिकवतो. दोन्ही औषधं पेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या एकाच दाराला, एल-टाइप चॅनलला, चिकटतात हे खरं, पण चिकटण्याची जागा आणि वेळ वेगळी.

ठोका सुरू करणारा साइनस नोड आणि तो खाली पोचवणारा एव्ही नोड या दोन्हींच्या पेशींचा विद्युत झटका कॅल्शियमच्या जोरावर उठतो. हृदयाच्या बाकी स्नायूत ते काम सोडियम करतं. त्यामुळे कॅल्शियम अडलं की आधी नोड मंदावतात.

डिल्टियाझेमसारखंच नाडी उतरवणारं व्हेरापामिल चॅनलच्या मधल्या पोकळीत आतल्या बाजूने शिरतं, तेही चॅनल उघडलेला असताना. एकदा शिरलं की पुढच्या ठोक्यापर्यंत सगळं बाहेर पडत नाही. म्हणून नाडी जितकी जोरात, तितकी अडवणूक जास्त. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात तेव्हा, एव्ही नोडवर माराच चालू असतो, तिथे हा गुण कामी येतो. डिल्टियाझेमही साधारण याच पद्धतीने वागतं, फक्त हृदयावरचा जोर थोडा कमी आणि रक्तवाहिन्यांकडे कल थोडा जास्त.

अॅम्लोडिपिन, निफेडिपिन ही डायहायड्रोपिरिडीन मंडळी चॅनलला बाजूने धरतात आणि त्यांना उघडून निष्क्रिय झालेला चॅनल आवडतो. रोहिणीच्या स्नायूपेशी सतत अर्धवट उत्तेजित, उणे ५० मिलिव्होल्टच्या आसपास असतात, म्हणून तिथे असे चॅनल कायम हजर. हृदयात मात्र प्रत्येक ठोक्यानंतर चॅनल पूर्ववत होतात आणि औषधाची पकड सुटते. शिवाय रोहिणीतल्या चॅनलची घडणही थोडी निराळी, या औषधांना जास्त दाद देणारी.

त्यात भर रिफ्लेक्सची. वाहिन्या सैल पडून दाब उतरला की शरीर नाडी वाढवतं. जुनी, झटपट विरघळणारी निफेडिपिनची कॅप्सूल घेतल्यावर छातीत धडधडायचं ते यामुळे. अॅम्लोडिपिनचा परिणाम सावकाश चढतो, त्यामुळे ही धडधड फारशी जाणवत नाही. हृदय सोडून वाहिन्यांवरच जोर, ही निवड नेहमीच्या डोसपुरतीच हं. भरमसाट गोळ्या पोटात गेल्या तर अॅम्लोडिपिनही हृदय मंदावू शकते.

आता आईबद्दल. ६४ नाडी अगदी ठीक. पण तिच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल आहे का, ते आजच पाहा. हे बीटा ब्लॉकर, आणि तेही तेच दोन नोड मंदावतात. डिल्टियाझेमशी जोडी झाली तर ईसीजीत पीआर अंतर, म्हणजे ठोका वरून खाली पोचायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंदांपलीकडे जाऊ शकतं, आणि पुढे मधले ठोके गळायला लागतात. असली गोळी सापडली तर आपल्या मनाने काही बंद न करता डॉक्टरांना फोन करा. नाडी ५० च्या खाली गेली किंवा आईला भोवळ आली, तर मात्र फोनवर न थांबता तिला दाखवायला न्या.